उपाशीपोटी शुगर १२८ आली, मग पुन्हा रक्त कशाला?

प्रश्न: "माझ्या वडिलांची (वय ५४) उपाशीपोटी शुगर १२८ आली. त्यांना त्रास काहीच नाही. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, आठवड्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. रिपोर्ट समोर असताना पुन्हा कशाला? यात वेळ जात नाही का? आणि दुसरा आकडा वेगळा आला तर खरा कोणता मानायचा?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तालुक्याच्या गावात २२ वर्षं लॅब चालवते, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी काउंटरवर ऐकू येतो. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मधुमेह ठरवायची रेषा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर आहे. वडील त्या रेषेच्या वर आहेत ते दोन मिलिग्रॅमनी, आणि धडधाकट माणसाची उपाशीपोटीची शुगरसुद्धा काहीही न बिघडता एका दिवसातून दुसऱ्या दिवसात यापेक्षा जास्त वरखाली होते. एका सकाळच्या आकड्यावरून ते रेषेच्या नेमके कोणत्या बाजूला राहतात ते कळत नाही. वेळ जाण्याचं म्हणाल, तर हा आजार वर्षानुवर्षं हळूहळू चढत येतो. लक्षणं नसलेल्या माणसाच्या बाबतीत आठवडाभर थांबल्याने त्यात काही फरक पडत नाही.

आधी ही १२६ ची रेषा आली कुठून ते सांगते, कारण पुन्हा तपासण्याचा नियम त्या रेषेबरोबरच आलेला आहे. १९९७ पर्यंत ही रेषा १४० वर होती. मग अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ती १२६ वर आणली. हे करताना त्यांनी डोळ्याच्या पडद्याकडे पाहिलं. वेगवेगळ्या लोकसमूहांत ज्यांची शुगर जास्त, त्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत मधुमेहाच्या खुणा कुठून वाढायला लागतात ते तपासलं. शिवाय ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० च्या वर जाणाऱ्या लोकांची उपाशीपोटीची शुगर साधारण कितीला असते, तेही पाहिलं. या सगळ्याचा मेळ १२६ च्या आसपास बसला. म्हणजे १२५ ला शरीर ठीक आणि १२६ ला बिघडलं असं काही नसतं. चढ हळूहळू आहे, त्यावर माणसांनी विचार करून एक खूण केली आहे. खूण करणाऱ्यांना आपण चढावर रेघ मारतोय हे ठाऊक होतं. म्हणूनच लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करू नका, वेगळ्या दिवशी रक्त घेऊन पडताळा, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. नियमाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा अर्धा राहून जातो.

आता शुगर मुळात का हलते ते बघू. रात्री जेवण पचून गेल्यावर रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं. ते साठवलेल्या आणि नव्याने बनवलेल्या ग्लुकोजचा थोडा थोडा पुरवठा रक्तात सोडत राहतं. किती सोडायचं हे इन्सुलिन आणि त्याच्या उलट काम करणारी हार्मोन्स मिळून ठरवतात. पहाटे तीनचारनंतर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढायला लागतात, यकृत थोडं सैल सोडतं, म्हणून सकाळची शुगर मध्यरात्रीपेक्षा चढी असू शकते. त्यात त्या रात्रीचा जो काही हिशेब असेल तो मिसळतो. झोप किती झाली, जेवण किती वाजता झालं, अंगात कसकस आहे का, दाढ ठणकतेय का, घरात कुणाचं ऑपरेशन आहे म्हणून जीव टांगणीला लागलाय का. यातलं काहीही असलं तर कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन चढतात आणि सकाळचा आकडा पाचदहा मिलिग्रॅमनी सहज वर येतो.

लॅबमध्ये नवीन यंत्र आलं तेव्हा मी स्वतःचंच रक्त सलग पाच सकाळी घेतलं होतं. जेवण साडेआठला, रक्त साडेसातला, काढणारी मुलगी तीच, पेशी वेगळ्या करायला ट्यूब लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये. आकडे आले ८८, ९३, ८६, ९७, ९१. मला मधुमेह नाही, त्या आठवड्यात आजारीही नव्हते. तरी सगळ्यात खालच्या आणि वरच्या आकड्यात ११ चा फरक निघाला. हे काही माझं वैशिष्ट्य नाही. एकाच माणसाची उपाशीपोटीची शुगर दिवसागणिक साधारण पाच टक्के इकडेतिकडे होते हे मोजून ठरलेलं आहे. त्यात चांगल्या लॅबच्या यंत्राचा दोनअडीच टक्क्यांचा फरक मिळवा. १२८ च्या आकड्यावर हे सगळं मिळून सातेक मिलिग्रॅमचं हेलकावणं होतं, आणि ते दोन्ही बाजूंना दुपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे तुमच्या वडिलांची खरी सरासरी ११४ पासून १४२ पर्यंत कुठेही असू शकते. रेषा या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध आहे.

हे झालं शरीराचं. दुसरी गोष्ट ट्यूबची, आणि हिच्याबद्दल लॅबच्या बाहेर फारसं बोललं जात नाही. काढलेलं रक्त म्हणजे जिवंत पेशी असतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी ट्यूबमध्येही ग्लुकोज खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच टेबलावर ठेवलं तर तासाला पाचसात टक्के ग्लुकोज कमी होतं, उन्हाळ्यात आणखी वेगाने. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वापरतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, ते पेशींचं ग्लुकोज खाणं थांबवतं. पण लगेच थांबवत नाही. फ्लोराइड त्या प्रक्रियेच्या शेवटाकडच्या एका पायरीवर अडसर घालतं, त्यामुळे आधीच्या पायऱ्या काही वेळ चालूच राहतात. पहिला तासदोन तास थोडी घट होतेच, मग आकडा स्थिर होतो. ही घट टाळायची तर ट्यूब बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करायला हवेत, किंवा सायट्रेट असलेली खास ट्यूब वापरायला हवी, जी पहिल्याच पायरीला अडवते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी राखाडी ट्यूबच असते.

लॅब सुरू केली त्याच्या तिसऱ्या वर्षी आम्ही बाजूच्या गावात शिबिर घेतलं होतं. मेचा महिना, शाळेची पत्र्याची खोली. सकाळी सातपासून रक्त काढायला सुरुवात केली आणि सगळ्या ट्यूब मिळून दुपारी एकला लॅबवर आणल्या. त्यातल्या काही राखाडी ट्यूब संपल्या म्हणून साध्या ट्यूबमध्ये घेतल्या होत्या. ही माझी चूक होती. यंत्रावर लावल्यावर साध्या ट्यूबमधले आकडे ६२, ५८, ७० असे यायला लागले, आणि ती माणसं तर समोर चालतबोलत होती. मी ते सगळे रिपोर्ट रद्द केले आणि दोन दिवसांनी प्रत्येकाला पुन्हा बोलावलं. त्यातल्या एका शेतकरी दादांचा शिबिरातला आकडा ९४ होता. लॅबवर घेतलेला १३३ आला. ९४ चा रिपोर्ट हातात दिला असता तर "शुगर नाही" म्हणून ते निवांत घरी गेले असते.

यावरून एक लक्षात घ्या. ट्यूबमधल्या दिरंगाईची चूक नेहमी एकाच दिशेने होते, आकडा खाली येतो. त्यामुळे वडिलांचं रक्त घरी येऊन सहाला काढलं असेल आणि लॅबवर दहाला पोहोचलं असेल, तर त्या सकाळचा खरा आकडा १२८ पेक्षा थोडा जास्तच असण्याची शक्यता आहे. "रिपोर्ट चुकून जास्त आला असेल" अशी समजूत घरोघरी घातली जाते, तिला ट्यूबकडून काही आधार मिळत नाही. आकडा चुकून जास्त येण्याची कारणं बहुतेक वेळा त्या रात्रीत सापडतात.

म्हणूनच "त्याच रक्ताची पुन्हा तपासणी करून द्या" या मागणीला मी नाही म्हणते. तीच ट्यूब यंत्रावर दुसऱ्यांदा लावली तर यंत्राने मोजण्यात गफलत केली होती का एवढंच कळेल. ट्यूब उशिरा पोहोचली असेल तर ती दुसऱ्या वेळीही तितकीच उशिरा पोहोचलेली आहे. त्याच दिवशी तासाभराने नवीन रक्त घेतलं तर ट्यूबची शंका फिटेल, पण माणूस तोच, रात्र तीच, अपुरी झोप तीच. वेगळ्या दिवशी घेतल्यावरच यंत्राची मोजणी, ट्यूब आणि रात्र तिन्ही बदलतात. तरीही आकडा रेषेच्या वर आला तर मग तो त्या माणसाचाच म्हणायचा.

एक हिशेब ढोबळपणे मांडते, म्हणजे दुसऱ्या तपासणीने नेमकं काय पदरात पडतं ते दिसेल. समजा एका माणसाची खरी सरासरी १२० आहे, म्हणजे मधुमेह नाही, पण अलीकडच्या पायरीवर आहे. वर सांगितलेलं हेलकावणं धरलं तर त्याचा आकडा पाचसहा सकाळींपैकी एका सकाळी १२६ च्या वर जाईल. एकाच आकड्यावर निदान केलं तर असे बरेच लोक मधुमेही ठरतील. पण वेगवेगळ्या दोन सकाळी लागोपाठ वर जाण्याची शक्यता तीसात एक इतकी खाली येते. आता दुसरा माणूस घ्या, खरी सरासरी १५०. तो दोन्ही वेळा वरच राहणार, त्याच्या बाबतीत पुन्हा तपासून चित्र बदलत नाही. दुसऱ्या तपासणीची खरी कमाई रेषेच्या लगतच्या पट्ट्यातच आहे.

या हिशेबाला उलटी बाजूही आहे आणि ती सांगितली पाहिजे. ज्याची खरी सरासरी १३२ आहे, म्हणजे ज्याला मधुमेह आहेच, त्याचाही आकडा पाचातून एका सकाळी रेषेच्या खाली येतो. दोन्ही वेळा वर असण्याची अट घातली की अशा तिघांमधला एक जण तूर्तास निसटतो. ही किंमत आपण जाणूनबुजून मोजतो. निसटलेला माणूस तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर सापडतो आणि त्याचं तेवढ्यात फार बिघडत नाही. मात्र "मधुमेह" हा शब्द एकदा फाइलवर चढला की उतरत नाही. गोळी सुरू होते, विम्याच्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहावा लागतो, काही गोळ्यांनी तर गरज नसलेल्या माणसाची शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणूनच पहिला १२८ आणि दुसरा १२१ आलेल्या माणसाला "सुटलात" म्हणून सोडून देणं चूक आहे. त्याला तारीख देऊन परत बोलवावंच लागतं.

आणखी एक गोष्ट यात दडलेली आहे. लोकसंख्येत ११० ते १२५ मध्ये राहणारी माणसं १२६ ते १४० मध्ये राहणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त असतात. त्यामुळे १२८ आलेल्यांची रांग लावली तर तिच्यात खालून उडी मारून आलेले जास्त आणि वरून घसरून आलेले कमी सापडतात. म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडा खाली येण्याकडेच कल असतो, मधल्या दिवसांत कुणी काही केलं नाही तरी. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात काही लोकांचं उपाशीपोटीचं रक्त साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा घेतलं होतं. पहिल्या वेळी १२६ किंवा वर आलेल्यांपैकी दुसऱ्या वेळीही वर आलेले निघाले दहातले सातच. "आठ दिवस कारल्याचा रस घेतला आणि शुगर १२८ वरून १२० वर आली" असं कुणी सांगतं तेव्हा मला ही रांग आठवते. रस घेतला नसता तरी बऱ्याच जणांचा आकडा तेवढा खाली आलाच असता.

एक उदाहरण तपशिलात सांगते. वय ४७, बँकेत नोकरी, आईला मधुमेह. बँकेच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची शुगर १३१. त्या ताई रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या. "आईसारखंच होणार ना मला?" हेच त्यांच्या तोंडी. मी आदल्या दिवसाबद्दल विचारायला बसले. पुतणीचं लग्न होतं. जेवण झालं रात्री पावणेबाराला, त्यात जिलेबी. झोप एक ते साडेपाच. रक्त घेतलं सात वाजून दहा मिनिटांनी. हिशेब केला तर उपास झाला होता सात तास पंचवीस मिनिटांचा, आणि फॉर्मवर "उपाशीपोटी" या शब्दापुढे टिक होती. किमान आठ तास पोटात काही जायला नको, तो नियमच पाळला गेला नव्हता. झोपही अर्धवट. म्हणजे हा आकडा पूर्ण फेकून द्यायचा का? तेही मी करणार नाही, कारण इन्सुलिन चांगलं काम करणाऱ्या माणसाची शुगर असा एखादा रात्रीचा गोंधळ झाला तरी सहसा १३१ पर्यंत जात नाही. तो आकडा काहीतरी सांगत होता, किती सांगत होता ते ठरवायचं होतं.

नऊ दिवसांनी त्या आल्या. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, आठ वाजता, भाकरी, भाजी, थोडा भात. झोप सात तास. पावणेआठला रक्त घेतलं, वीस मिनिटांत ट्यूब फिरवली. उपाशीपोटीची शुगर ११८, आणि गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.०. त्यांच्या डॉक्टरांनी तिथेच न थांबता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची चाचणी सांगितली, दोन तासांनी आकडा आला १६३. तो १४० आणि २०० च्या मधला. मधुमेह नाही, मधुमेहपूर्व अवस्था आहे. तीन वेगवेगळ्या तपासण्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि पहिल्या १३१ चंही कोडं सुटलं. ११८ च्या आसपास राहणाऱ्या बाईंना लग्नाच्या रात्रीने वर ढकललं होतं. गोळी सुरू झाली नाही. चालणं आणि वजनाचं काम सुरू झालं, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली. याच्या उलट, त्याच महिन्यात एका एसटी चालक दादांचा आकडा १२७ आला होता आणि "एकच वर आहे, काही नाही हो" म्हणून घरच्यांनी विषय मिटवला होता. आग्रहाने बोलावलं तेव्हा आला १३४, एचबीए१सी ६.८. निदान पक्कं झालं. १३१ वाल्या ताईंना मधुमेह नाही आणि १२७ वाल्या दादांना आहे, हे पहिल्या आकड्यांवरून कुणालाही सांगता आलं नसतं.

आता वडिलांनी काय करायचं ते. मधल्या दिवसांत भात, पोळी, गोड अचानक बंद करू नका. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवडाभर अर्धपोटी राहणारे मी खूप पाहिलेत. त्याने त्या सकाळचा आकडा थोडा सुधारतो आणि निदान अवघड होतं. ते रोज जसं जगतात तसंच त्यांचं रक्त मला पाहायचं आहे. आदल्या रात्री नेहमीच्या वेळी नेहमीचं जेवण, मग आठ ते बारा तास काही नाही. पाणी हवं तेवढं चालतं. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण दुधात साखर असते. सकाळी उठून तंबाखू, मिश्री, विडी नको. लॅबपर्यंत पाच किलोमीटर चालत जाऊ नका, रक्त देऊन मग हवं तेवढं चाला. सकाळीच द्या, कारण उपास धरून दुपारी दिलेल्या रक्तात शुगर सकाळपेक्षा कमी येते आणि १२६ ची रेषा सकाळच्या रक्तावर बेतलेली आहे.

ताप, दाढेचं इन्फेक्शन, नुकतंच झालेलं ऑपरेशन असं काही असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा, आणि थांबतोय हे डॉक्टरांना कळवा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर आवर्जून सांगा, त्याने शुगर चढते. मात्र कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरच्या ग्लुकोमीटरवर पडताळणी करू नका. रोजचा अंदाज घ्यायला ते यंत्र उत्तम आहे, पण १०० च्या वरच्या आकड्यात त्याला १५ टक्के इकडेतिकडे जाण्याची मुभा मानकातच दिलेली आहे. खऱ्या १२० ला ते १३५ दाखवू शकतं आणि तरीही ते बिघडलेलं नसतं. निदानासाठी शिरेतलं रक्त, लॅबमध्ये, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

दुसऱ्या वेळी जाताना डॉक्टरांना विचारून एचबीए१सी त्याच रक्तात करून घ्या. ती गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी सांगते, एका रात्रीने ती हलत नाही. तिची रेषा ६.५ वर आहे. एकाच दिवशी उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा वर आणि एचबीए१सी ६.५ किंवा वर आली, तर आता तेवढ्यावरही निदान पक्कं धरतात, कारण दोन वेगळ्या साक्षीदारांनी तेच सांगितलेलं असतं. दोघींचं जुळलं नाही तर जी रेषेच्या वर आहे तीच तपासणी पुन्हा करायची. पण ही साक्षीदारही सगळीकडे चालत नाही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते, आणि आपल्याकडे बायकांमध्ये हे फार आहे. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि ती खोटी कमी दिसते. विदर्भात, नंदुरबारकडे हे लक्षात ठेवावं लागतं. तिथे उपाशीपोटीची शुगर आणि ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी यांवरच भिस्त ठेवायची.

कोणता आकडा खरा मानायचा हे तुम्ही विचारलंत. दोन्ही खरे असतात. दोन्ही वेळा १२६ किंवा वर आला तर मधुमेह आहे. मग डॉक्टर डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय हे सगळं बघतील, कारण निदानाच्या आधीची काही वर्षं शुगर चढती राहिलेली असू शकते. दुसरा १०० ते १२५ मध्ये आला तर मधुमेहपूर्व अवस्था धरायची आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा पोट सुटलेलं असेल तर ग्लुकोज पिऊन चाचणी करून घेण्याचा मी आग्रह धरते. आपल्या लोकांत उपाशीपोटीचा आकडा बरा आणि खाल्ल्यानंतरचा चढा असं बऱ्याचदा दिसतं, आणि उपाशीपोटीचं रक्त कितीदा घेतलं तरी ते त्यात सापडत नाही. दुसरा आकडा १०० च्या खाली आला, म्हणजे दोन आकड्यांत पंचवीसतीसचा फरक पडला, तर मला एकीकडे काहीतरी चुकल्याचा संशय येतो. अशा वेळी मी दोन्ही दिवसांच्या वेळा तपासते, दुसऱ्या दिवशी ट्यूब किती वेळ पडून होती ते बघते आणि तिसरं रक्त मागते.

थांबायचं नाही अशा वेळा वेगळ्या आहेत. खूप तहान, रात्री तीनचारदा लघवीला उठणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि कोणत्याही वेळी घेतलेली शुगर २०० च्या वर, असं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते, निदान तिथेच होतं. सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल तर थेट दवाखान्यात न्यायचं. गरोदर बाईसाठी हे आकडे लागूच नाहीत, तिच्या रेषा बऱ्याच खाली आहेत आणि तिथे एका आकड्यावरही पुढचं पाऊल उचलतात.

वडिलांना यातलं काही नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आठवडा ठीक आहे. मात्र तो आठवडाच असू द्या. "बघू दिवाळीनंतर" म्हणून गेलेली माणसं दोन वर्षांनी पायाला जखम घेऊन येतात. रक्त देताना फॉर्मवर दोन वेळा लिहायला सांगा, शेवटचा घास कधी घेतला आणि सुई कधी टोचली. आणि रक्त घेणाऱ्या मुलाला विचारा, ही ट्यूब लॅबवर कधी पोहोचणार. तास-दीड तासाच्या वर जाणार असेल तर घरी बोलावू नका, वडिलांना घेऊन लॅबवरच जा.